क्रियापद कुणाचं ऐकतं? तक्ता आणि सराव
शनिवारचा मराठी वर्ग, कोथरूड. पान 7

मागच्या शनिवारी वर्गातल्या एका ताईंनी ठणकावून सांगितलं, "सर, मी भाजी आणले." चूक त्यांची नव्हती, माझी होती. आदल्या पानावर मीच लिहून दिलं होतं की बाई बोलत असेल तर 'आले, गेले, बसले'. त्यांनी नियम इमानदारीने पाळला आणि नेमका तिथेच घात झाला. म्हणून हे पान नव्याने.

क्रियापदाला शेपूट लावण्याआधी एकच विचारायचं: हे क्रियापद आत्ता कुणाचं ऐकतंय? कर्त्याचं, कर्माचं, की कुणाचंच नाही?

तक्ता 1: कर्त्याचं ऐकणारं (बसणे)

| कर्ता | वर्तमान | भूत | भविष्य |
|---|---|---|---|
| मी (पुरुष) | बसतो | बसलो | बसेन |
| मी (स्त्री) | बसते | बसले | बसेन |
| आम्ही, आपण | बसतो | बसलो | बसू |
| तू (पुरुष) | बसतोस | बसलास | बसशील |
| तू (स्त्री) | बसतेस | बसलीस | बसशील |
| तुम्ही | बसता | बसलात | बसाल |
| तो | बसतो | बसला | बसेल |
| ती (एक बाई) | बसते | बसली | बसेल |
| ते (बाळ) | बसतं | बसलं | बसेल |
| ते (पुरुष, अनेक) | बसतात | बसले | बसतील |
| त्या (बायका) | बसतात | बसल्या | बसतील |
| ती (मुलं, पिल्लं) | बसतात | बसली | बसतील |

हिंदीतून येणाऱ्यांसाठी भविष्यकाळ म्हणजे सुट्टीच. 'जाऊंगा, जाऊंगी' असा भेद मराठीत नाही. बाई असो की बुवा, 'मी जाईन'. वर्तमानकाळात अनेकवचन झालं की लिंग गळून पडतं, आणि नकार आला की एकवचनातही गळतं: तो बसत नाही, ती बसत नाही. मात्र पुरुष आणि वचन तिथेही सुटत नाहीत: तू बसत नाहीस, ते बसत नाहीत. हा 'नाहीस'मधला 'स' तुम्ही सगळे खाता.

बसलं की बसले? बोलताना 'बाळ बसलं', छापील मजकुरात 'बाळ बसले'. रूप एकच. वर्गात आपण बोलीतलं वापरू.

बोलताना चालू क्रियेसाठी 'आहे' चिकटतो: बसतोय, बसतेय, बसतंय, बसतायत. जुन्या सवयीसाठी 'मी बसायचो, मी बसायचे, तो बसायचा, ती बसायची'.

मान दिला की अनेकवचन. बाबा आले, सर आले, मॅडम आल्या, सासूबाई आल्या. पण आई 'आली'! बहुतेक घरांत आईला 'अगं' म्हणतात, त्यामुळे तिला अनेकवचन लावलं तर ती आपल्याकडे संशयाने बघेल.

कोल्हापूरकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणताना ऐकाल. ती त्यांच्या बोलीतली रीत आहे. तिथे जाऊन कुणाला सुधारू नका.

तक्ता 2: कर्माचं ऐकणारं (आणणे, भूतकाळ)

सकर्मक क्रियापद भूतकाळात गेलं की कर्त्याला विचारत नाही. काय आणलं, तेवढंच बघतं.

| काय? | मी, आम्ही, त्याने, तिने, त्यांनी | तू | तुम्ही |
|---|---|---|---|
| आंबा | आणला | आणलास | आणलात |
| भाजी | आणली | आणलीस | आणलीत |
| दूध | आणलं | आणलंस | आणलंत |
| कांदे | आणले | आणलेस | आणलेत |
| मिरच्या | आणल्या | आणल्यास | आणल्यात |
| अंडी | आणली | आणलीस | आणलीत |

खरी मेख इथे आहे. हिंदीत 'मैंने' म्हटलं की 'ने' दिसतो आणि सावध होता येतं. मराठीत 'त्याने, तिने' दिसतात, पण 'मी, आम्ही, तू, तुम्ही' यांना 'ने' दिसतच नाही. 'मी आलो' मधला मी आणि 'मी भाजी आणली' मधला मी वरून सारखेच. म्हणून ताई फसल्या. गंमत म्हणजे 'मी कांदे आणले' म्हणाल्या असत्या तर वाक्य बरोबर आलं असतं, आणि माझी चूक आणखी महिनाभर लपून राहिली असती.

कर्ता 'तू' किंवा 'तुम्ही' असला की क्रियापद कर्माचं आणि कर्त्याचं, दोघांचं ऐकतं: आणलीस मधली 'ली' भाजीची, 'स' तुझा.

हिंदीतलं लिंग मराठीत जसंच्या तसं आणू नका. चाय 'बनी', पण चहा 'झाला'. पानी 'आया', पण पाणी 'आलं'. किताब 'पढ़ी', पण पुस्तक 'वाचलं'. उलट रिक्शा 'मिला', पण रिक्षा 'मिळाली'. इंग्रजी शब्दांनाही इथे लिंग मिळतं: फोन आला, मीटिंग झाली, बिल भरलं.

कुणाचंच न ऐकणारं

कर्माला 'ला' लागला की क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं: तिने मुलांना उठवलं, मी बहिणीला बोलावलं, त्यांनी चोराला पकडलं. पण 'ला' कुणाला लागलाय ते बघा. 'मी बहिणीला साडी दिली' यात दिली ती साडी; तिला 'ला' नाही, म्हणून क्रियापद तिचंच ऐकणार.

हट्टी मंडळी

बोलणे, विसरणे, शिकणे, जेवणे यांना भूतकाळातही कर्ताच लागतो: मी नाव विसरलो, ती मराठी शिकली, आम्ही जेवलो. पिणे दोन्हीकडे असतं, 'मी चहा प्यायलो' आणि 'मी चहा प्यायला'. वर्गात पहिलं वापरू. यांना कारण विचारू नका, पाठ करा.

'मला' ने सुरू होणाऱ्या वाक्यात आवडणारी वस्तू बघा: मला आंबा आवडतो, भाजी आवडते, आंबे आवडतात.

सराव 1. तोंडी. "मी रोज सातला उठतो आणि बसने ऑफिसला जातो." हेच वाक्य मी (स्त्री), तू (स्त्री), तुम्ही, त्या यांच्यासाठी म्हणा.

सराव 2. कंसातलं क्रियापद भूतकाळात घाला.
1. तिने चहा (करणे).
2. तू बिल (भरणे) का?
3. आम्ही दोन पुस्तकं (वाचणे).
4. रिक्षावाल्याने आम्हाला स्टेशनवर (सोडणे).
5. शेजारच्या काकू काल (येणे).
6. त्याने तिला चिठ्ठी (देणे).
7. बाबा आज लवकर (जेवणे).
8. तुम्ही मिरच्या (आणणे) का?

सराव 3. ही वाक्यं तुमच्याच वह्यांतली आहेत. नावं सांगत नाही. दुरुस्त करा.
1. मी काल दोन पोळ्या खाल्लो.
2. नळाला पाणी आला.
3. आजोबा गावाला गेला.
4. तू का येत नाही?
5. मला आंबे आवडतो.
6. मी (पुरुष) तिचं नाव विसरलं.

उत्तरं (आधी पेन्सिलने सोडवा, मग इथे या)

सराव 1: उठते, जाते, उठतेस, जातेस, उठता, जाता, उठतात, जातात.

सराव 2: केला, भरलंस, वाचली, सोडलं, आल्या, दिली, जेवले, आणल्यात. चौथ्यात 'सोडलो' लिहिलं असेल तर 'आम्हाला' मधला 'ला' पुन्हा बघा.

सराव 3: खाल्ल्या, आलं, गेले, येत नाहीस, आवडतात, विसरलो.

पुढच्या शनिवारी येताना घरातल्या कालच्या बाजारहाटाची दहा वाक्यं लिहून आणा. प्रत्येक वाक्यात 'मी' हवा, आणि एकाही क्रियापदाने त्या 'मी'चं ऐकलेलं नको.