नीलगाईंनी खाल्लेलं शेत कुणाचं? ‘पूस की रात’चं एक पर्यावरणीय वाचन

प्रेमचंदांची ‘पूस की रात’ (1930) बहुतेकांनी शाळेत, हिंदीच्या तासाला वाचलेली असते. कर्जात पिचलेला शेतकरी आणि पौषातली थंडी, एवढ्यावर तिचा धडा संपतो. ते चूक नाही. पण या कथेत माणसांइतकीच जागा कुत्रा, नीलगाई, पश्चिमेचा वारा आणि आंबराईतल्या पाल्याला आहे, आणि कथेचा सगळा पेच शेत राखायचं कुणी, यावर उभा आहे. त्या बाजूने वाचलं तर तिच्यातला हल्कू आपल्याला वाटतो तितका सोपा राहत नाही.

कथानक थोडक्यात असं. कांबळ्यासाठी साठवलेले तीन रुपये हल्कू दारात वसुलीला आलेल्या सहनाला देऊन टाकतो. बायको मुन्नी चिडते, असली शेती सोडून दे म्हणते. मग पौषातल्या रात्री हल्कू जुनी जाडीभरडी चादर पांघरून जागलीला जातो. सोबत जबरा कुत्रा. थंडी सोसवेना म्हणून तो जवळच्या आंबराईत पाला पेटवून शेकत बसतो. नीलगाई शेतात शिरतात, जबरा भुंकून जीव टाकतो आणि हल्कू ऊबदार राखेजवळ झोपून जातो. सकाळी शेत साफ झालेलं असतं.

आता जमिनीकडे बघा. शेत आहे, पीक तयार आहे, पण पीक कसलं ते प्रेमचंद सांगत नाहीत. हरभरा, गहू, वाटाणा, काहीही असू शकतं. शेतकऱ्याच्या जगण्यावर इतकं लिहिणारा लेखक पिकाचं नाव विसरेल असं मला वाटत नाही. हल्कूच्या लेखी ते पीक राहिलेलंच नाही, ती येणेकऱ्याची बाकी आहे. बाकी चुकवण्यासाठीच आपला जन्म झाला आहे, हे मुन्नी पहिल्याच प्रसंगात बोलून दाखवते. याउलट ज्याचं नाव येतं ती तूर आहे शेजारच्या रानातली. हल्कू त्या रानात जाऊन तुरीची काही झाडं उपटतो, त्यांचा खराटा करतो आणि हातात धुमसती गोवरी घेऊन पाला झाडायला निघतो. दोन ओळींत उरकलेला हा तपशील बहुतेक टीकालेखनातून निसटतो. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या शेतात नीलगाई घुसणार आहेत, त्याने त्याच रात्री, त्याच गरजेपोटी, दुसऱ्या शिवारातलं उभं पीक उपटलेलं असतं. नीलगाय पोटासाठी खाते, हल्कू ऊब मिळवण्यासाठी उपटतो. प्रेमचंद इथे कुणावरच बोट ठेवत नाहीत, म्हणून ती ओळ टोचते.

जबऱ्याचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. थंडी असह्य होते तेव्हा हल्कू त्याला कुशीत घेतो. कुत्र्याच्या अंगाला घाण येत असते, तरी त्याला कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं असं सुख वाटतं. माणूस आणि प्राणी यांच्यातली भिंत पडल्याचा सुंदर क्षण म्हणून हा प्रसंग नेहमी दाखवला जातो. सुंदर तो आहेच. पण पुढे काय होतं? चाहूल लागताच जबरा ती ऊब सोडून बाहेर धावतो. हल्कू चुचकारून बोलावतो, तरी येत नाही. नंतर शेकोटीपाशी नेमकी हीच परीक्षा हल्कूची होते आणि तो नापास होतो. पिकात उड्या मारल्याचे, मग चरल्याचे आवाज त्याला स्वच्छ ऐकू येतात. जबरा असताना जनावर शेतात येईलच कसं, अशी तो स्वतःची समजूत घालतो. एकदा उठतो, दोन-तीन पावलं जातो, विंचू डसावा तसा वारा अंगाला झोंबतो आणि तो परततो. राखणीची जबाबदारी शेवटी ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही अशा कुत्र्यावर येऊन पडते. सकाळी जबरा प्राण गेल्यासारखा पसरलेला असतो. मघाची मैत्री त्याला महागात पडली, असं म्हणायला हरकत नाही.

नीलगाई मात्र कथेत जवळजवळ दिसतच नाहीत. त्यांचे फक्त आवाज आहेत. त्यांना ‘दुष्ट’ म्हटलं जातं, तेही हल्कूच्या मनातून. त्या आल्या कुठून, त्यांचं चराईचं रान कुठे गेलं, याचा कथेत मागमूस नाही. आंबराई आहे, ती माणसाने लावलेली. ‘दो बैलों की कथा’मध्ये हीरा-मोतीला मन आणि भाषा देणारे प्रेमचंद इथे रानातल्या प्राण्याला काही देत नाहीत. पाळीव प्राणी आपला, रानातला शत्रू, ही वाटणी कथा मोडत नाही. पर्यावरणीय वाचनाला तिची ही मर्यादा नोंदवावीच लागते. 1930 च्या लेखकाकडून आजची जाण मागायची नाही, पण नसलेली जाण त्याच्या पदरातही घालायची नाही.

विदर्भातल्या वाचकाला हे सगळं परकं वाटणार नाही. तिथे नीलगाय म्हणजे रोही, आणि रोही-रानडुकरांपायी हिवाळ्यात जागलीला जाणं आजही चालू आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नीलगायीला संरक्षण दिलं. पुढे 2015 च्या डिसेंबरात बिहारच्या काही जिल्ह्यांपुरतं तिला ‘उपद्रवी’ ठरवून मारायची मुभा दिली गेली, आणि 2016 मध्ये मोकामा परिसरात नेमबाज आणून नीलगाई मारल्या, तेव्हा दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांमध्येच जाहीर वाद झाला. शेतकरी विरुद्ध प्राणी अशीच ती चर्चा रंगली. प्रेमचंदांची कथा त्या वादात कुणाच्याच बाजूने कामाची नाही, कारण तिच्यात कारणांची साखळी वेगळी आहे. तीन रुपये गेले म्हणून कांबळं नाही, कांबळं नाही म्हणून शेकोटी, शेकोटीसाठी पाला हवा म्हणून आंबराई, आंबराईत बसल्यामुळे शेत मोकळं. सहना रात्री तिथे नसतो, पण नीलगाईंना वाट त्याच्या वसुलीनेच करून दिली.

म्हणून कर्जाची कथा आणि निसर्गाची कथा अशी फाळणी मला पटत नाही. जमिनीची निगा राखायला जमीन आपली वाटावी लागते. मालगुजारीने हल्कूची ती भावनाच संपवली आहे. सकाळी मुन्नी उदास होऊन म्हणते, आता मजुरी करून सारा भरावा लागेल. हल्कू प्रसन्न चेहऱ्याने सांगतो, रात्री थंडीत इथे झोपावं तरी लागणार नाही.

या वाक्यावर बरेच समीक्षक हल्कूची सुटका झाली असं मानून थांबतात. मला मुन्नीची उदासी अधिक खरी वाटते. शेती सोड असं आधी तीच म्हणाली होती, तरी उद्ध्वस्त शेत बघून चेहरा पडला तो तिचाच. शिवाय हल्कू मजुरी करणार ती कुठे? बहुधा याच शिवारात, दुसऱ्याच्या बांधावर. तिथेही पौष येणार, नीलगाई येणार, आणि मालक कुणाला तरी राखणीला पाठवणारच.