विषय: पगार आणि पदाच्या आढाव्यासाठी वेळ मिळावा

नमस्कार मॅडम,

जूनपासून ग्राहक तक्रारींचं काम मी सांभाळते आहे. पद मात्र अजून सहायकाचंच आहे, म्हणून हा मेल.

तेव्हा एक तक्रार मिटायला सरासरी ४ दिवस लागायचे, आता दीड दिवस लागतो. मुख्य फरक पडला तो परताव्याच्या तक्रारींत. त्या आधी अकाउंट्सकडे पडून राहायच्या; आता रोज ११ वाजता दोन्ही टीम एकत्र बसून यादी संपवतात. (सुरुवातीला अकाउंट्सवाले वैतागले होते, आता तेच आठवण करतात.) नव्या दोघांचं ट्रेनिंगही मीच केलं. महिनावार आकडे सोबतच्या शीटमध्ये आहेत. जुलैचा आकडा सिस्टीम बदलल्यामुळे वाढलेला दिसेल.

वरिष्ठ पदासाठी माझा विचार व्हावा आणि पगार त्या श्रेणीत यावा, अशी विनंती आहे. बजेटची अडचण असेल तर पद आधी आणि वाढ पुढच्या तिमाहीपासून, यालाही माझी तयारी आहे. फक्त तारीख लेखी ठरावी.

गुरुवारी दुपारी ३ वाजता अर्धा तास बोलता येईल का? नाहीतर शुक्रवारी सकाळी कधीही चालेल.

आपली,
मेघना