तेलाचा चटका बसला? आधी नळाखाली हात

(स्वयंपाकघर. गॅसवर कढई, शेजारी चकल्यांचं ताट. हातावर, मनगटाच्या वर, रुपयाएवढा लाल डाग.)

नमस्कार. मी सर्जरी वॉर्डात सिस्टर आहे. दिवाळीचं तळण सुरू झालं की तेल उडून भाजलेली माणसं आमच्याकडे येतात. बऱ्याच जणांनी वर टूथपेस्ट किंवा हळद लावलेली असते. जखम किती खोल आहे ते कळावं म्हणून आम्हाला ती धुवून काढावी लागते, आणि तेव्हा माणूस कळवळतो. म्हणून एवढं ऐकाच.

गॅस बंद करा. हात थेट नळाखाली.

(नळाची बारीक धार.)

साधं गार पाणी, पूर्ण २० मिनिटं. घड्याळ लावा, कारण दोन मिनिटांत बरं वाटतं आणि आपण हात काढून घेतो. कातडीच्या आत मुरलेली उष्णता तेवढ्यात निघत नाही. नळाला पाणी नसेल तर तांब्याने ओतत राहा. भाजून तास-दोन तास झाले असले तरी पाण्याचा उपयोग होतो. बर्फ मात्र नको, त्याने कातडीला आणखी इजा होते.

हात पाण्याखाली असतानाच बांगड्या, अंगठी काढा. नंतर सूज आली की निघत नाहीत. कपडा चिकटला असेल तर ओढू नका.

(डागावर गॉज.)

मग मेडिकलमध्ये मिळणारं निर्जंतुक गॉज सैलसर ठेवा. कापूस नको, त्याचे तंतू चिकटतात. फोड आला तर फोडू नका. खालच्या कच्च्या कातडीचं तो रक्षण करतो. दुखत असेल तर नेहमी चालत असलेली पॅरासिटामॉल घ्या. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका.

आता नीट बघा, घरी थांबायचं नाही ते कधी.

(भाजलेल्या माणसाचा स्वतःचा पंजा डागाशेजारी.)

भाजलेला भाग त्याच माणसाच्या पंजाहून मोठा असेल. चेहरा, हात-पायांचे पंजे, सांधा किंवा जांघेत भाजलं असेल. लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई किंवा मधुमेही असेल. विजेने, ॲसिडने भाजलं असेल. अशा वेळी डाग छोटा दिसला तरी डॉक्टरकडे जा. कातडी पांढरी किंवा काळी पडली आणि दुखतच नाही, तर निश्चिंत होऊ नका: भाजणं खोल गेलंय. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारून घ्या.

पुढच्या दिवसांत ताप, पू, दुर्गंधी किंवा वाढती लाली दिसली, तरी दाखवायचंच.

विजेचा झटका असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय माणसाला हात लावू नका. धूर छातीत गेला, आवाज घोगरा झाला, श्वास लागला किंवा भाजणं मोठं असेल, तर लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत फक्त भाजलेल्या भागावर पाणी सोडा आणि बाकी अंगावर पांघरूण घाला. बाळाच्या बाबतीत तर हे विसरूच नका, बाळं फार लवकर गारठतात.