भाडेवाढीच्या आपल्या नोटिशीला उत्तर

मांडवी, रत्नागिरी
दि. 12 मे 2025

माननीय सावंतकाका,
सप्रेम नमस्कार.

आपली 5 मेची नोटीस मिळाली. 1 जूनपासून भाडं 6,500 ऐवजी 10,000 रुपये द्यावं, नाहीतर महिनाअखेर घर रिकामं करावं आणि तोवर पंपाचं पाणी बंद राहील, असं तुम्ही लिहिलं आहे. ही वाढ मला मान्य नाही. तोंडी सांगून गैरसमज नको, म्हणून लेखी कळवते.

जून 2022 मध्ये आपलं बोलणं तुमच्या पडवीत झालं. भाडं 6,500, अनामत 20,000. करार कागदावर आलाच नाही. मी दोनदा विषय काढला, तेव्हा "घरच्यासारखेच आहात" असं तुम्ही म्हणालात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. तो नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूने सांगितलेल्या अटी धरल्या जातात. त्याच कायद्याच्या कलम 11 नुसार वाढ वर्षाला 4 टक्के. म्हणजे 6,500 वर 260 रुपये. तुम्ही एकदम 3,500 मागताय.

पर्यटकांना खोल्या दिल्या तर सीझनला जास्त मिळतात, हे मला दिसतं, आणि घर तुमचं आहे हेही मी विसरलेली नाही. पण माझी मुलगी यंदा दहावीला आहे. पावसाच्या तोंडावर सामान घेऊन मी कुठे जाणार? गेल्या वर्षी माजघरात गळायला लागलं तेव्हा शाकारणीचे 4,200 रुपये मी भरले, कौलंही मीच आणवली. ते पैसे भाड्यातून वळते करा असं मी कधी म्हटलं नाही. आताही म्हणत नाही, पण नोटिशीत "घराची काळजी घेत नाही" असं वाचून फार वाईट वाटलं.

पाण्याचं मात्र स्पष्ट सांगते. भाडेकरूचं पाणी किंवा वीज योग्य कारणाशिवाय तोडता येत नाही, कलम 29 तेच सांगतं. पंप बंद झाला तर मला न्यायालयात दाद मागावी लागेल. ती वेळ आणू नका, काकूंसमोर तरी.

1 जूनपासून मी 6,760 रुपये देईन, नेहमीप्रमाणे 5 तारखेच्या आत तुमच्या बँक खात्यात. सोबत 11 महिन्यांचा करार करून तो नोंदवू, त्याचा निम्मा खर्च माझा. दरमहा भाड्याची पावतीही मिळावी, ती देणं कलम 26 प्रमाणे बंधनकारक आहे.

करारासाठी येत्या रविवारी, 18 मेला सकाळी मी घरी आहे. तुमचं उत्तर तोवर लेखी द्यावं. या पत्राची प्रत मी ठेवली आहे आणि मूळ पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवत आहे.

आपली नम्र,
सुजाता मयेकर
(वरच्या मजल्यावरील भाडेकरू)

सोबत : मागील 12 महिन्यांच्या भाड्याच्या बँक नोंदी, शाकारणीच्या बिलाची प्रत