C₃H₆O चे सगळे आयसोमर: रविवारच्या टेस्टमधल्या प्रश्न ४ चं पूर्ण उत्तर
(अकरावी सायन्स, लातूर बॅच)

प्रश्न: C₃H₆O या रेणुसूत्राचे सर्व स्ट्रक्चरल आयसोमर लिहा. त्यांतले फंक्शनल आयसोमर व टॉटोमर वेगळे दाखवा.

लेकरांनो, बहुतेकांनी प्रोपॅनाल आणि ॲसिटोन लिहून पेपर पुढं उलटला. उत्तर ९ आहे.

आधी हायड्रोजन मोजा. ३ कार्बनच्या संतृप्त साखळीला ८ हायड्रोजन लागतात. ऑक्सिजन आला तरी हा आकडा बदलत नाही. आपल्याकडं ६ आहेत, म्हणजे दोन कमी. याचा अर्थ रेणूत एक डबल बाँड आहे किंवा एक रिंग आहे, दोन्ही एकदम नाहीत. आता एवढंच विचारायचं: हा डबल बाँड किंवा ही रिंग नेमकी कुठं?

C=O मध्ये डबल बाँड: ऑक्सिजन टोकाला लावला की अल्डिहाइड, मधे लावला की कीटोन. तिसरी जागाच नाही.
१. CH₃–CH₂–CHO प्रोपॅनाल
२. CH₃–CO–CH₃ प्रोपॅनोन (ॲसिटोन)

C=C मध्ये डबल बाँड: मार्क गेले ते इथंच. प्रोपीन मांडा, CH₂=CH–CH₃. यात तीन कार्बन तीन वेगळ्या प्रकारचे आहेत, म्हणून OH तीन जागी बसतो. शिवाय C–C सिंगल बाँडच्या मधे ऑक्सिजन घुसवला की ईथर मिळतो.
३. CH₂=CH–CH₂OH प्रोप-२-ईन-१-ऑल (ॲलिल अल्कोहोल)
४. CH₃–CH=CH–OH प्रोप-१-ईन-१-ऑल
५. CH₂=C(OH)–CH₃ प्रोप-१-ईन-२-ऑल
६. CH₂=CH–O–CH₃ मेथॉक्सीईथीन
डबल बाँडच्या मधे ऑक्सिजन घालायला जाऊ नका, त्याला दोनच हात आहेत.

फक्त कार्बनची रिंग:
७. सायक्लोप्रोपेनॉल, तीन कार्बनच्या रिंगवर OH

ऑक्सिजन रिंगमध्येच:
८. ऑक्सिटेन, चौकोनी रिंग: तीन CH₂ आणि एक O
९. २-मेथिलऑक्सिरेन, त्रिकोणी रिंग: CH₂, CH, O, CH वर CH₃

३ कार्बनच्या साखळीत ऑक्सिजनचा पूल शेजारच्या दोन कार्बनवर टाकला तर ९ वा, दोन टोकांवर टाकला तर ८ वा. पूल टाकायला तिसरा मार्ग नाही, म्हणून यादी इथं बंद होते.

फंक्शनल आयसोमर: अल्डिहाइड (१), कीटोन (२), अल्कोहोल (३, ४, ५, ७) आणि ईथर (६, ८, ९). वेगवेगळ्या गटांतले कोणतेही दोन घेतले की ते एकमेकांचे फंक्शनल आयसोमर. सूत्र एकच, पण गट बदलला की वागणं पार बदलतं: ॲसिटोन ५६ °C ला उकळतो, ॲलिल अल्कोहोल ९७ °C ला (हायड्रोजन बाँडिंग), आणि ६ नंबरचा ईथर आपल्या लातूरच्या हवेत वायूच. टॉलेन्सच्या टेस्टमध्ये प्रोपॅनाल आरसा देतो, ॲसिटोन देत नाही. आयोडोफॉर्म टेस्टला मात्र ॲसिटोन पिवळा साका देतो आणि प्रोपॅनाल गप्प बसतो.

टॉटोमर: जोड्या दोनच.
CH₃–CH₂–CHO ⇌ CH₃–CH=CH–OH
CH₃–CO–CH₃ ⇌ CH₂=C(OH)–CH₃
कार्बोनिलच्या शेजारच्या कार्बनवरचा, म्हणजे अल्फा हायड्रोजन ऑक्सिजनकडं जातो आणि डबल बाँड सरकतो. बाण ⇌ हाच काढायचा. काहींनी ↔ काढला, तो रेझोनन्सचा. रेझोनन्समध्ये अणू जागचा हलत नाही, इथं हायड्रोजन खरोखर जागा सोडतो. ॲसिटोनमध्ये ईनॉल रूप कोट्यवधी रेणूंमागं एखादंच असतं, तरीही तो वेगळा रेणू आहे, म्हणून यादीत मोजायचा.

ॲलिल अल्कोहोलला प्रोपॅनालचा टॉटोमर लिहिणाऱ्यांनी इकडं बघा. त्याचा OH डबल बाँडच्या कार्बनवर नाही, शेजारच्या CH₂ वर आहे. तो ईनॉलच नाही, मग टॉटोमर कुठून होणार? तो ४ आणि ५ चा पोझिशन आयसोमर आहे. तसेच ८ आणि ९ च्या रिंगचा आकार वेगळा असला तरी दोघंही रिंगवाले ईथरच, म्हणून त्यांना फंक्शनल आयसोमर म्हणू नका.

प्रश्नातला शब्द नीट वाचत जा. "स्थिर आयसोमर" विचारले तर ४ आणि ५ वगळून ७. स्टीरिओआयसोमर धरून विचारले तर ४ चे सिस-ट्रान्स दोन आणि ९ चे आरशातले दोन, म्हणजे एकूण ११. नुसतं "स्ट्रक्चरल" असेल तर ९.

मंगळवारी C₄H₁₀O करून आणा. अल्कोहोल ४ आणि ईथर ३ आले तर बरोबर. ईथरांमध्ये मेटॅमर कोणते ते खूण करा, आणि यात टॉटोमर एकही का नाही ते एका ओळीत लिहा.