डबावही 3.2.1 आणि 3.2 : नवीन काय आहे

व्हर्शन 3.2.1

डबावही या आपल्या डब्याच्या हिशोबाच्या अ‍ॅपचं हे छोटं अपडेट आहे पण लगेच घ्या. 3.2 मध्ये आम्ही "स्किप"चं बटण "खाडा" केलं, आणि ज्यांनी फोनमधली अक्षरं मोठी करून ठेवलीयेत त्यांच्याकडे ते बटण अर्धं कापलं जाऊन नुसतं "खा" दिसत होतं. दोन-तीन घरी आजोबांनी डबा खाल्ला की ते बटण दाबायचं असंच समजून रोज दाबलं आणि खाल्लेल्या दिवसांचे खाडे लागले. चूक आमचीच, माफ करा. आता बटण अक्षराच्या साइजप्रमाणे मोठं होतं, दाबल्यावर "उद्याचा डबा नको ना?" असं विचारतं, आणि कोणता खाडा कधी लागला ते महिन्याच्या पानावर दिसतं, तिथूनच काढताही येतो.

सर्चमध्ये "नागा" टाइप केलं तरी आता खाड्यांचंच पान उघडेल. आपल्या इंदुरात मराठी घरातसुद्धा निम्मे लोक खाड्याला नागाच म्हणतात, हे 3.2 मध्ये राहून गेलं होतं.

व्हर्शन 3.2

या वेळेस अपडेट उघडल्यावर पहिल्यांदा वाटेल की सगळं बदललंय, पण हिशोब तोच आहे, बदललेत ते शब्द. आणि ते आम्ही मुद्दाम बदललेत.

झालं असं की रामबागेतल्या एक काकू, रोजचे चाळीसेक डबे करतात, त्यांना आम्ही अ‍ॅप दाखवायला गेलो तर त्यांनी "सदस्यता नूतनीकरण" वाचलं आणि विचारलं की हे कशाचं. म्हटलं काकू महिना संपला की पुढचा महिना लावायचा ना, ते. तर म्हणाल्या मग "पुढचा महिना लावा" असंच लिही ना. त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून वहीतले शब्द उतरवून घेतले आणि परत येऊन एकेक स्क्रीन त्या वहीप्रमाणे लिहिली. म्हणून आता "सदस्यता"च्या जागी "महिना", "प्रलंबित रक्कम"च्या जागी "बाकी", "सुरक्षा ठेव"च्या जागी "डिपॉझिट", "स्किप"च्या जागी "खाडा", आणि "पात्र परतावा" म्हणून जे काहीतरी होतं (ते आम्हालाही आवडत नव्हतं) ते "रिकामा डबा आला" झालंय.

स्टोअरवरचं नाव आणि माहितीसुद्धा नवीन लिहिलीये. नावाला जागा 30 अक्षरांचीच असते, त्यात आधी आम्ही "भोजन प्रबंधन" बसवलं होतं आणि असं कुणीच शोधत नाही. भंवरकुआंला राहणारा क्लासचा मुलगा "टिफिन" शोधतो, सुदामा नगरच्या मावशी "डबा" बोलून शोधतात, मेस चालवणारे "मेस" लिहितात. म्हणून आता नाव आहे "डबावही: टिफिन-मेसचा हिशोब". आणि हिशोब म्हणा की हिशेब, डबा म्हणा की डब्बा, मराठीत लिहा की dabba hisab असं इंग्रजी अक्षरांत, अ‍ॅपच्या आतल्या सर्चमध्ये सगळं एकाच ठिकाणी जातं.

जुन्या माहितीत "रेसिपी" आणि "ऑनलाइन ऑर्डर" हे शब्दही होते, ते काढलेत. या अ‍ॅपमधून जेवण मागवता येत नाही, इथे फक्त डबा देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हिशोब राहतो. तरी ते शब्द वाचून भुकेली मुलं डाउनलोड करायची, काहीच मिळायचं नाही आणि एक स्टार देऊन जायची, आणि त्यांचं बरोबरच होतं. जे आत नाही त्याचा शब्द यापुढे बाहेर लिहिणार नाही, मग डाउनलोड कमी झाले तरी चालतील.

आता कामाचं.

पहाटेचा खाडा बरोबर दिवशी लागतो. ही तक्रार सगळ्यात जास्त होती आणि आम्हाला कारण सापडायला फार वेळ लागला. सकाळी साडेपाचच्या आधी लावलेला खाडा आदल्या दिवशीच्या नावावर जात होता, कारण आमचा सर्व्हर यूटीसी वेळेवर चालतो, ती आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते, म्हणजे इथे पहाटेचे पाच वाजले तरी तिथे कालचीच तारीख असायची. कणिक मळायला उठलेल्या काकू पाचला खाडे लावतात, आम्ही टेस्टिंग दुपारी करायचो, म्हणून ते दिसलंच नाही. आता तारीख भारतीय वेळेनेच धरली जाते. जुन्या नोंदी आपोआप दुरुस्त होतील, पण ज्या महिन्याचे पैसे देऊन झालेत त्या बिलाला हात लावलेला नाही, तिथे खाली "फरक" म्हणून वेगळी ओळ येईल, ती दोघांनी मिळून बघा.

बिल आता उघडून दिसतं. आधी नुसता शेवटचा आकडा यायचा आणि भांडणं व्हायची. आता 30 दिवस, 4 खाडे, राहिले 26 डबे, 70 रुपयांप्रमाणे 1820, असं पूर्ण लिहून येतं, हाफ डबा आणि जास्तीच्या पोळ्या वेगळ्या ओळीत. तेच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येतं.

उपासाचा डबा वेगळा लावता येतो. एकादशी, चतुर्थी आधीच कॅलेंडरमध्ये आहेत, तुम्ही फक्त कोण उपास करतं ते एकदा टिक करा, आदल्या रात्री यादी येईल. पदार्थ लिहिताना भगर, वरी, मोरधन यातलं काहीही लिहा, एकच धरलं जाईल. चातुर्मासात कांदा-लसूण नको असणाऱ्यांसाठी आषाढी ते कार्तिकी एकादशीपर्यंतची खूण एकदाच करायची, रोज आठवण द्यायला नको. 2026 च्या अधिक ज्येष्ठातल्या दोन जास्तीच्या एकादशीही घातल्यात.

सगळ्यांना एकदम सुट्टी. रंगपंचमीला गेर निघते तेव्हा राजवाड्याच्या बाजूला स्कूटर नेणं शक्यच नसतं, अनंत चतुर्दशीच्या झांकीच्या रात्रीही तेच. अशा दिवशी चाळीस जणांचे चाळीस खाडे लावत बसायचे नाहीत, "आज बंद" दाबा, सगळ्यांना मेसेज जाईल आणि कुणाच्याच बिलात तो दिवस धरला जाणार नाही. फक्त एका भागाला बंद ठेवायचं असेल तर तेही होतं.

रिकाम्या डब्यांची मोजणी. स्टीलचा डबा गेला आणि आलाच नाही तर नुकसान डबा देणाऱ्याचंच होतं, आणि तेवढ्यासाठी प्लास्टिकच्या डिस्पोजेबलवर जाणं आपल्या शहराला शोभत नाही. कुणाकडे किती डबे अडकलेत ते नावासमोर दिसेल.

कॉन्टॅक्टची परवानगी आता मागत नाही. नंबर तुम्हीच टाइप करा, आम्हाला तुमच्या अख्ख्या फोनबुकाची गरज नाही आणि आधीही नव्हती.

जुने शब्द सवयीचे झाले असतील तर सेटिंग्जमध्ये "जुनी नावं दाखवा" आहे, दोन महिने राहील. आणि एखादा शब्द तुमच्या घरी, तुमच्या मेसमध्ये वेगळा म्हणत असतील तर त्याच पानावर "आम्ही असं म्हणतो" दाबून लिहून पाठवा. ग्वाल्हेर, बडोद्याहून दोन-चार आलेत, पुढच्या अपडेटला ते सर्चमध्ये घालतोय.