विभाग ६ : वेळापत्रक, परस्परावलंबन आणि जोखीम (सुधारित)

प्रकल्प : कोरडवाहू कपाशीत कामगंध सापळ्यांनी गुलाबी बोंडअळीचे सामूहिक नियंत्रण, केळापूर तालुका, जि. यवतमाळ

मूळ प्रस्तावात १८ महिने आणि एकच हंगाम धरला होता. एका वर्षाच्या पावसावरून बोंडअळीबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून आता १ जानेवारी २०२७ ते ३१ मार्च २०२९ असे २७ महिने आणि खरिपाचे दोन हंगाम मागत आहोत. शेतातल्या कामांच्या तारखाही महिन्यांऐवजी पेरणीनंतरच्या दिवसांत मोजल्या आहेत.

जानेवारी ते मार्च २०२७ या काळात संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता, तीन क्षेत्र सहायकांची नेमणूक आणि सापळ्यांची खरेदी होईल. खरेदीला निविदेपासून माल हाती येईपर्यंत दहा आठवडे धरले आहेत. मागणी १५ मार्चपर्यंत नोंदवली तर सापळे मेअखेर येतात. एकूण १२० सापळे लागतील : सापळ्यांच्या १२ शेतांत एकरी ८ प्रमाणे ९६ आणि तुलनेच्या १२ शेतांत निरीक्षणापुरते एकरी २ प्रमाणे २४. प्रत्येक ठिकाणी एकच एकर घेतला आहे. सापळ्यातले पतंगांना ओढणारे गंधाचे ल्यूर दर चार आठवड्यांनी बदलायचे असल्याने हंगामाला ६०० आणि राखीव ६० लागतील. ते एकदम घेणार नाही. उन्हाळ्यात खोलीत पडून राहिलेल्या ल्यूरचा गंध उतरतो, आणि मग सापळा रिकामा राहिला तर पतंग नाहीत की ल्यूर संपला, हे कळत नाही. म्हणून जुलै आणि सप्टेंबर असे दोन हप्ते मागवू व पांढरकवड्याला फ्रीजमध्ये ठेवू.

शेतांची निवड एप्रिल-मेमध्ये होईल, पण ती पेरणीनंतरच पक्की धरली जाईल. कपाशी, सोयाबीन की तूर, हे शेतकरी पहिला पाऊस आणि भाव पाहून ठरवतात. त्यामुळे सहा गावांत २४ शेतांसाठी ३६ जणांची संमती घेऊ. धूळपेरणीची शेते वगळू. लवकर फुललेल्या कपाशीवर अळी आधी येते आणि तुलना बिघडते. पेरणी १५ जून ते १० जुलै अपेक्षित आहे. पावसाने दडी मारून दुबार पेरणी झाली, तर त्या शेताचे दिवस नव्या पेरणीपासून मोजू. ३१ जुलैला २० पेक्षा कमी शेते उरली, तर तो हंगाम पद्धतीची चाचणी म्हणूनच नोंदवू, परिणामाचा दावा करणार नाही.

सापळे ४५व्या दिवशी लागतील. त्यानंतर दर आठवड्याला सलग तीन सकाळी मोजणी होईल, कारण आर्थिक नुकसानीची पातळी सलग तीन रात्री सापळ्यामागे ८ पतंग अशी आहे. प्रत्येक सहायकाकडे दोन गावांतली ८ शेते राहतील. मोठ्या पावसानंतर काळ्या मातीत दोन-तीन दिवस पाय ठेवता येत नाही. म्हणून चारपैकी तीन आठवड्यांच्या नोंदी मिळतील असे धरूनच नमुना ठरवला आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या २०१७ च्या फवारणी-विषबाधा लक्षात घेऊन फवारणीनंतर ४८ तास कोणीही शेतात जाणार नाही, त्यात काही नोंदी बुडाल्या तरी. पातळी ओलांडल्यास शेतकऱ्याला त्याच दिवशी सांगू. त्याने फवारणी केली तर औषध आणि तारीख नोंदवू. प्रयोगासाठी पीक वाऱ्यावर सोडायला सांगणे आम्हाला मान्य नाही.

जास्त सापळे लावलेल्या आणि कमी लावलेल्या शेतांतले पतंग थेट तुलनेचे नाहीत. मुख्य मोजमाप म्हणून ९०व्या दिवसापासून दर पंधरवड्याला प्रत्येक शेतातली २० हिरवी बोंडे फोडून अळी पाहू.

सर्वांत नाजूक टप्पा पहिल्या वेचणीचा आहे. ऑक्टोबरात सोयाबीनची सवंगणी, दिवाळी आणि वेचणी एकत्र येते, मजूर मिळत नाहीत आणि शेतकरी कापूस वजन न करता थेट घरी नेतात. त्या तीन आठवड्यांसाठी तीन तात्पुरते मदतनीस आणि सहा काटे अंदाजपत्रकात वाढवले आहेत. कवडी कापूस वेगळा तोलला जाईल. नोंदी ३१ डिसेंबरला थांबतील; फरदड मोजणार नाही.

अंतरिम अहवाल ३१ मार्च २०२८ ला देऊ. दुसरा हंगाम याच क्रमाने चालेल आणि अंतिम विश्लेषणाला जानेवारी ते मार्च २०२९ लागतील. निधीचा पहिला हप्ता १५ मार्च २०२७ नंतर आला, तर १५ एप्रिलपर्यंत मागणी नोंदवून काम रेटता येईल, कारण सापळे जुलैअखेर लागतात. ३० एप्रिलनंतर आल्यास २०२७ चा हंगाम सोडून सर्व तारखा एक वर्ष पुढे नेण्यास निधी संस्थेची आताच लेखी संमती मागत आहोत. त्या बदलात सहायकांची नेमणूकही पुढे ढकलली जाईल, त्यामुळे मानधनाचा खर्च वाढणार नाही.